भिंगाच्या प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा कशी घ्यावी: व्याख्येपासून ‘का?’ पर्यंत

बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचं प्रात्यक्षिक शाळेत सगळ्यांना सोपं वाटतं. एक भिंग, ते उभं धरायला स्टँड, पांढरा पुठ्ठा, मेणबत्ती आणि मीटरपट्टी एवढंच सामान. मुलं जर्नल पूर्ण करतात, आणि तोंडी परीक्षेत त्यांना ठरलेला प्रश्न येतो: ‘नाभीय अंतर म्हणजे काय?’ मुलगा एका दमात सांगतो, ‘प्रकाशीय केंद्र आणि मुख्य नाभी यांमधील अंतर.’ ‘ठीक, पुढचा या.’

मीही सुरुवातीची काही वर्षं अशीच परीक्षा घेतली. एकदा एका मुलीने ही व्याख्या अगदी स्वच्छ सांगितली. तिच्या टेबलावर मेणबत्तीची ज्योत पुठ्ठ्यावर उलटी उमटली होती. मी सहज विचारलं, ‘मग यात नाभी कुठे आहे, दाखव.’ तिने पुठ्ठ्यावरच्या ज्योतीवर बोट ठेवलं. पुठ्ठा भिंगापासून 30 सेमी लांब होता आणि भिंगाचं नाभीय अंतर होतं 10 सेमी. तिची व्याख्या बरोबर होती, पण तिच्या समजुतीत नाभी म्हणजे जिथे प्रतिमा पडते ती जागा. हे मला व्याख्येतून कधीच कळलं नसतं.

तुम्ही नव्याने विज्ञान शिकवायला लागला असाल आणि पहिल्यांदाच तोंडी परीक्षा घेणार असाल, तर प्रश्न कसे चढवत न्यायचे हे याच एका प्रात्यक्षिकावर सांगतो. परीक्षेला बसणाऱ्या मुलांनाही हे वाचून स्वतःला प्रश्न विचारता येतील.

आधी स्वतः रीडिंग घ्या

परीक्षेच्या आदल्या दिवशी, ज्या भिंगावर मुलं काम करणार आहेत त्याच भिंगावर तुमचं स्वतःचं रीडिंग घ्या. पेटीवर ‘10 सेमी’ लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. पेट्या बदललेल्या असतात, भिंगं इकडची तिकडे गेलेली असतात. खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा पुठ्ठ्यावर घ्या आणि भिंगापासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर मोजा. ते भिंगाच्या मध्यापासून मोजायचं, स्टँडच्या कडेपासून नाही. स्टँडची जाडी एक सेंटिमीटर असली आणि मुलाने पुढच्या कडेपासून मोजलं तर अर्धा सेंटिमीटर तिथेच चुकतो. दहा सेंटिमीटरमध्ये अर्धा ही लहान चूक नव्हे.

सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यायला मुलांना फार आवडतं. परीक्षेच्या टेबलावर ते करू देऊ नका. कागद पेटतो, आणि भिंगातून सूर्याकडे पाहायचा मोह एखाद्याला झालाच तर डोळा कायमचा जातो. दूरची वस्तू म्हणून झाड, समोरची इमारत किंवा पाण्याची टाकी चालते.

एका मुलाला साधारण चार-पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात पाच-सहा प्रश्न होतात, त्याहून जास्त नाही. म्हणून यादी लांब करू नका. एकच धागा धरा आणि एकेक पायरी चढा: हे काय आहे, तू काय केलंस, आकडे काय सांगतात, असं का होतं, आणि हे आणखी कुठे दिसतं.

पहिली पायरी: व्याख्या, पण बोट ठेवून

व्याख्येपासून सुरुवात करणं योग्यच आहे. मूल घाबरलेलं असतं, पाठ केलेलं एखादं उत्तर देता आलं की त्याचा आवाज मोकळा होतो. फक्त व्याख्या ऐकल्यावर लगेच टेबलाकडे वळा.

‘मुख्य अक्ष म्हणजे काय?’ याच्यापाठोपाठ ‘या मांडणीत मुख्य अक्ष कुठून कुठे जातो, बोटाने काढ.’ ज्योत, भिंगाचा मध्य आणि पुठ्ठ्याचा मध्य एका सरळ रेषेत नसतील तर मुलाला तिथेच दिसतं की आपली ज्योत खाली आहे आणि म्हणून प्रतिमा पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला सरकली आहे. मेणबत्ती जळून लहान होते, त्यामुळे तासाभरात हे हमखास होतं. मुलाने ते ओळखून मेणबत्तीखाली ठोकळा सरकवला, तर पुढची व्याख्या विचारलीच पाहिजे असं नाही.

‘मुख्य नाभी म्हणजे काय?’ याच्यापाठोपाठ मघाचा प्रश्न: ‘दाखव.’ इथे चुकणारी मुलं बरीच भेटतील. चूक झाली की बरोबर उत्तर सांगून टाकू नका. विचारा, ‘व्याख्येत कोणते किरण नाभीत येतात असं म्हटलंय?’ मूल म्हणतं, ‘मुख्य अक्षाला समांतर.’ ‘मग या ज्योतीतून भिंगावर येणारे किरण समांतर आहेत का?’ ज्योत पंधरा सेंटिमीटरवर आहे, किरण तिच्यापासून पसरत येताहेत. एवढं मुलाच्या लक्षात आलं की ते स्वतःच बोट पुठ्ठ्यावरून उचलून भिंगाकडे आणतं. व्याख्येतला ‘समांतर’ हा शब्द तोपर्यंत त्याच्यासाठी नुसता शब्द होता, आता त्याला जागा मिळाली.

दुसरी पायरी: तू काय केलंस

ही पायरी वगळू नका. ज्याने प्रयोग केला आणि ज्याने शेजाऱ्याची वही उतरवली, त्यांच्यातला फरक इथे दिसतो. प्रश्न साधे असतात, पण पुस्तकात त्यांची उत्तरं नसतात.

‘प्रतिमा स्पष्ट झाली हे तू कसं ठरवलंस?’ हा माझा आवडता प्रश्न. ‘दिसली तशी मोजली’ हे उत्तर अपुरं आहे. ज्याने खरंच काम केलं आहे तो सांगतो की पुठ्ठा थोडा पुढे-मागे केला तरी काही मिलिमीटरपर्यंत प्रतिमा स्पष्टच वाटते. मग नेमकी जागा कोणती? चांगली रीत अशी: पुठ्ठा मागे नेत प्रतिमा जिथे धूसर व्हायला लागते ती जागा बघायची, पुढे आणत जिथे धूसर होते ती बघायची, आणि दोन्हींचा मध्य घ्यायचा. एखाद्या मुलाने ही रीत माहीत नसताना ‘सर, मी तीनदा घेतलं, दर वेळी थोडं वेगळं आलं’ असं म्हटलं, तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत असं मला वाटतं. ते खरं निरीक्षण आहे.

‘दूरची वस्तू म्हणून काय घेतलंस आणि ती किती दूर होती?’ उत्तर येतं, ‘खिडकी.’ मुलं टेबलाशेजारच्या खिडकीची चौकट घेतात. ती दोन मीटरवर असेल तर प्रतिमा नाभीत पडतच नाही, किंचित पलीकडे पडते. 10 सेमीच्या भिंगाला दोन मीटरवरची खिडकी 10.5 सेमीवर दिसते, पाच मीटरवरची 10.2 सेमीवर, आणि पन्नास मीटरवरचं झाड जवळजवळ 10 सेमीवरच. हे आकडे मुलाला पाठ असण्याची गरज नाही. पण ‘जवळची खिडकी घेतली तर तुझं उत्तर खऱ्यापेक्षा मोठं येईल की लहान?’ हे विचारता येतं. ज्याने मेणबत्ती जवळ आणताना पुठ्ठा लांब न्यावा लागल्याचं पाहिलं आहे, तो लगेच म्हणतो, ‘मोठं.’ पाठ्यपुस्तकात ‘अनंत अंतरावर’ असं लिहिलेलं असतं. अनंत म्हणजे प्रयोगशाळेत किती, याचं उत्तर भिंगावर अवलंबून असतं. वस्तू नाभीय अंतराच्या निदान शंभर पट लांब असली की चूक सुमारे एक टक्क्यावर येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

तिसरी पायरी: वहीतले आकडे

आता मुलाची वही उघडा. समजा तिच्यात अशी रीडिंग आहेत. वस्तू 15.2 सेमीवर, प्रतिमा 29.6 वर. वस्तू 20.0 वर, प्रतिमा 20.3 वर. वस्तू 25.0 वर, प्रतिमा 16.5 वर. वस्तू 30.0 वर, प्रतिमा 15.1 वर. भिंगाचं सूत्र चिन्हसंकेतासह असं:

```
1/v − 1/u = 1/f
```

वस्तू डावीकडे असल्याने u ऋण, प्रतिमा उजवीकडे असल्याने v धन. पहिल्या रीडिंगवरून f येतं 10.04 सेमी, दुसऱ्यावरून 10.07, तिसऱ्यावरून 9.94, चौथ्यावरून 10.04. सरासरी 10.02 सेमी.

पहिला प्रश्न चिन्हांचा: ‘u ऋण का घेतला?’ ‘नियम आहे म्हणून’ हे उत्तर मान्य करायला हरकत नाही, पण पुढे विचारा: ‘तू चिन्ह विसरला असतास तर कसं ओळखलं असतं?’ चौथ्या रीडिंगमध्ये चिन्ह न घालता आकडे टाकले तर f सुमारे 30 सेमी येतं. दूरच्या झाडावरून 10 आलं होतं, आणि इथे 30! दोन रीतींची उत्तरं एकमेकांना तपासतात, हे मुलाच्या तोंडून आलं पाहिजे. दोन्ही रीती करायला लावण्याचं तेच तर कारण आहे.

दुसरा प्रश्न जरा वरचा आहे: ‘चार वेळा f काढून मग सरासरी घेतलीस. त्यापेक्षा आधी वस्तूच्या अंतरांची सरासरी, प्रतिमेच्या अंतरांची सरासरी, आणि मग एकदाच f काढला असता तर? गणित कमी झालं असतं.’ बहुतेक मुलं म्हणतात, ‘सारखंच आलं असतं.’ त्यांना कागद द्या. वस्तूच्या अंतरांची सरासरी 22.55, प्रतिमेच्या अंतरांची 20.375, आणि त्यावरून f येतं 10.7 सेमी. रीडिंग तीच, पण उत्तर सात टक्क्यांनी चुकलं. का? कारण बदलणाऱ्या दोन राशींची सरासरी काढून आपण अशी एक जोडी तयार केली जी टेबलावर कधीच नव्हती. वस्तू 22.55 वर ठेवली असती तर प्रतिमा 18 सेमीच्या आसपास पडली असती, 20.4 वर नाही. स्थिर राहते ती राशी f, म्हणून सरासरी तिचीच घ्यायची. हा प्रश्न प्रत्येकाला विचारू नका. पहिल्या दोन पायऱ्या सहज चढून आलेल्या मुलासाठी राखून ठेवा.

वहीत चारही ओळींत नेमकं 10.0 असेल तर मात्र थांबा. रागावू नका. ‘हे पुन्हा एकदा लावून दाखव’ एवढंच म्हणा आणि 25 सेमीचं रीडिंग समोर घ्यायला सांगा. ज्याने आकडे उलट्या बाजूने बसवले आहेत त्याच्या हातून 16.7 येत नाही, 16.4 किंवा 17 येतं. मग त्याला विचारा की आधीच्या वहीतलं खरं की आताचं. त्या मुलाला या प्रात्यक्षिकातून काही मिळालं असेल तर ते त्या क्षणी मिळतं.

चौथी पायरी: असं केलं तर? आणि का?

कारणाचे प्रश्न ‘का’ने सुरू केले तर मूल पुस्तकातली ओळ शोधायला लागतं. म्हणून मी आधी भाकीत विचारतो, मग करून दाखवायला लावतो, आणि त्यानंतर ‘का’ विचारतो. मुलाने भाकीत बोलून दाखवलेलं असलं की समोर जे दिसतं ते त्याला खरोखर बघावं लागतं.

सगळ्यात चांगला प्रश्न पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन विचारता येतो. ‘भिंगाचा वरचा अर्धा भाग मी झाकला तर पुठ्ठ्यावर काय दिसेल?’ दहातली आठ मुलं म्हणतील, ‘अर्धी प्रतिमा.’ काही हुशार मुलं म्हणतील, ‘प्रतिमा उलटी असते, म्हणून खालचा अर्धा भाग जाईल.’ झाका. ज्योत पूर्णच्या पूर्ण दिसते, फक्त मंद होते. मूल चकित होतं.

आता ‘का?’ मुलाने वहीत काढलेली किरणाकृती बघा. तिच्यात ज्योतीच्या टोकापासून फक्त दोन किरण काढलेले असतात, एक समांतर आणि एक प्रकाशीय केंद्रातून. त्या आकृतीमुळेच मुलाला वाटतं की टोकाची प्रतिमा त्या दोन किरणांवर अवलंबून आहे आणि वरचा किरण अडवला की प्रतिमा गेली. विचारा: ‘ज्योतीच्या टोकापासून प्रकाश भिंगाच्या कुठल्या भागावर पडतो?’ सगळ्या भागावर. ‘आणि त्यातला प्रत्येक किरण कुठे जातो?’ एकाच बिंदूला. मग अर्धं भिंग झाकलं तरी उरलेल्या अर्ध्यातून टोकाचा प्रकाशही जातो आणि बुडाचाही. प्रतिमा पूर्ण, प्रकाश निम्मा. आकृतीतले दोन किरण आपण काढायला सोपे म्हणून निवडलेले आहेत, निसर्गाने नाही. हे वाक्य मूल आपल्या शब्दांत म्हणालं तर ते या प्रकरणात मी ऐकलेलं सर्वांत मोलाचं उत्तर असतं.

त्याच धाग्यातला पुढचा प्रश्न: ‘पुठ्ठा काढून घेतला तर प्रतिमा राहील का?’ ‘नाही, सर, पडदाच नाही तर कशावर पडेल?’ मग मुलाला मेणबत्ती, भिंग आणि आपला डोळा एका रेषेत घेऊन, पुठ्ठ्याच्या जागेच्या पलीकडे तीस-चाळीस सेंटिमीटर मागे उभं राहून भिंगाकडे बघायला सांगा. उलटी ज्योत हवेत दिसते. किरण तिथे खरोखर एकत्र येतात, पुढे जातात आणि डोळ्यात शिरतात. पुठ्ठ्याने ती प्रतिमा तयार केलेली नसते, फक्त तिचा प्रकाश चहूकडे फेकलेला असतो, म्हणून ती सगळ्यांना दिसत होती. ‘वास्तव प्रतिमा पडद्यावर घेता येते’ या ओळीचा अर्थ इथे उलगडतो: घेता येते, पण पडदा असलाच पाहिजे असं नाही.

वेळ उरला तर पाण्याचा प्रश्न घ्या. ‘हेच भिंग पाण्यात बुडवलं तर नाभीय अंतर वाढेल की कमी होईल?’ किरण वाकतो तो भिंगाची काच आणि बाहेरचं माध्यम यांच्यातल्या फरकामुळे. हवेचा अपवर्तनांक 1, काचेचा सुमारे 1.5, पाण्याचा 1.33. पाण्यात हा फरक कमी होतो, किरण कमी वाकतात, म्हणून नाभी लांब जाते. साध्या काचेच्या भिंगाचं नाभीय अंतर पाण्यात जवळजवळ चौपट होतं, म्हणजे 10 सेमीचं भिंग 40 सेमीच्या आसपास जातं. आकडा मुलाने सांगायला नको, दिशा आणि कारण सांगितलं की पुरे. गावाकडच्या मुलाला इथून सरळ विहिरीत नेता येतं: ‘पाण्याखाली डोळे उघडलेस तर सगळं धूसर का दिसतं?’ आपल्या डोळ्यात प्रकाश मुख्यतः वाकतो तो बाहेरच्या पारपटलावर, आणि पारपटलाचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळपास आहे. पोहायचा चष्मा घातला की डोळ्यापुढे पुन्हा हवा येते आणि दिसायला लागतं. ज्या मुलाने कधी व्याख्या नीट म्हटली नाही, ते या प्रश्नावर कधी कधी पटकन बोलतं, कारण ते त्याने पाण्यात डोळे उघडून पाहिलेलं असतं.

मूल अडलं तर एक पायरी खाली या. तोच प्रश्न मोठ्या आवाजात पुन्हा विचारू नका. ‘का’ जमलं नाही तर ‘तू काय पाहिलंस’ विचारा, तेही नाही तर ‘दाखव’ म्हणा. दाखवता आलं की पुन्हा वर चढा. वहीच्या कोपऱ्यात मूल कोणत्या पायरीपर्यंत स्वतःहून आलं आणि कुठे हात द्यावा लागला, एवढं मी लिहून ठेवतो. दिवसाच्या शेवटी वीस वह्या बघितल्या की वर्ग कुठे अडतो आहे ते दिसतं. माझ्या वर्गांत तो बहुतेक वेळा अर्ध्या भिंगाच्या प्रश्नावर अडलेला असतो, म्हणून आता मी किरणाकृती शिकवताना दोनऐवजी पाच-सहा किरण काढतो आणि मग त्यातले दोन ठेवून बाकीचे पुसतो.

पाचवी पायरी: घरातलं भिंग

उपयोगाच्या प्रश्नाला मुलं यादी म्हणतात: कॅमेरा, सूक्ष्मदर्शी, दुर्बीण, चष्मा. यादी थांबवा आणि एकच वस्तू धरा. माझी निवड चाळिशीची. आपल्या भाषेत त्या चष्म्याचं नावच वयावरून पडलं आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते, जवळचं बघताना त्याला पुरेसं फुगता येत नाही, आणि सुईत दोरा ओवताना हात लांब धरावा लागतो. पुस्तकात याला वृद्धदृष्टिता म्हणतात.

प्रश्न असा मांडा: ‘तुझ्या आईला 50 सेमीच्या आत स्पष्ट दिसत नाही. तिला पुस्तक 25 सेमीवर धरून वाचायचं आहे. कोणतं भिंग लागेल?’ पुस्तक 25 सेमीवर असताना त्याची प्रतिमा 50 सेमीवर पडली पाहिजे, तीही पुस्तकाच्याच बाजूला. म्हणजे u आणि v दोन्ही ऋण. सूत्रात घातलं की f येतं +50 सेमी, शक्ती +2 डायॉप्टर. गणित जमल्यावर थांबू नका. विचारा: ‘ही प्रतिमा पडद्यावर घेता येईल?’ नाही, आभासी आहे, सुलटी आहे. ‘पण मघाशी बहिर्वक्र भिंगाने उलटी, वास्तव प्रतिमा दिली होती. आता का नाही?’ पुस्तक 25 सेमीवर, नाभी 50 सेमीवर. वस्तू नाभीच्या आत आली. एकच भिंग, पण वस्तू कुठे आहे यावर सगळं ठरतं. मेणबत्ती 10 सेमीच्या आत आणली तेव्हा पुठ्ठ्यावर काहीच मिळत नव्हतं, ते मुलाने पाहिलेलं असतं. तेच इथे पुन्हा आलं.

आता खरोखरची चाळिशी टेबलावर ठेवा. शिक्षकांच्या खोलीत एक तरी मिळते. दुकानात तयार मिळणारा, नुसता वाचायचा, +2 नंबरचा चष्मा घ्या. दोन नंबरांचा असेल तर खालचा भाग वापरावा लागतो, आणि सिलिंडरचाही नंबर असेल तर प्रतिमा एका दिशेला स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेला धूसर येते, म्हणून तसा टाळा. लांबचं बघायचा उणे नंबरचा चष्मा मिळाला तर भिंतीवर काहीच उमटणार नाही. तेही मुलाला करून बघू द्या, आणि का ते त्याला विचारा.

मुलाला सांगा: ‘याचं नाभीय अंतर काढ.’ ते समोरच्या भिंतीशी जातं, पाच मीटरवरच्या खिडकीची प्रतिमा भिंतीवर घेतं आणि अंतर मोजतं. 50 सेमी यायला हवं होतं, येतं 55 ते 56 सेमी. मूल पुन्हा मोजतं, पुन्हा तेच. बरीच मुलं म्हणतात, ‘चष्म्याचा नंबर चुकलाय.’ इथे घाई करू नका, त्याला विचार करू द्या. नंतर एवढंच विचारा: ‘दहाच्या भिंगासाठी ही खिडकी दूर होती. पन्नाशीच्या भिंगासाठी ती दूर आहे का?’

पाच मीटर म्हणजे 10 सेमीच्या पन्नास पट, पण 50 सेमीच्या फक्त दहा पट. जी खिडकी पहिल्या भिंगाला ‘अनंत’ वाटत होती ती याला जवळची वस्तू आहे. शंभर पटीचा हिशेब लावला तर या चष्म्यासाठी पन्नास मीटरवरचं झाड हवं. त्याने झाडाची प्रतिमा घेतली तर साधारण 50.5 सेमी येतं. खोलीत उजेड जास्त असेल तर झाड भिंतीवर फिकट दिसतं, म्हणून बाकीच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

आणि झाड दिसतच नसेल, समोर फक्त ती खिडकी असेल, तरी मूल अडत नाही. त्याने 55.6 सेमी मोजलं आहे, म्हणजे प्रतिमेच्या बाजूने 1 ÷ 0.556 = 1.8. खिडकी 5 मीटरवर, म्हणजे वस्तूच्या बाजूने 1 ÷ 5 = 0.2. दोन्हींची बेरीज 2. चष्म्याच्या दांडीवर आतल्या बाजूला छापलेला आकडा वाचायला त्याला सांगा.